गाणं ऐकून वय दीड वर्षानं कमी? पी-हॅकिंग म्हणजे काय आणि पूर्वनोंदणीनं ते थांबतं का?

सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर' या नियतकालिकानं एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये छापलेल्या या निबंधाचा दावा दिलासा देणारा होता. मोठे नमुने घ्या, प्रयोगाची योजना आधीच नोंदवून ठेवा आणि सगळं उघड मांडा, म्हणजे मानसशास्त्रातले निष्कर्ष पुन्हा तपासल्यावरही टिकतात, असं त्यात म्हटलं होतं. अडचण अशी की या निबंधातलं मुख्य विश्लेषणही आधी नोंदवलेलं होतं, हे त्यातलं विधानच बरोबर नव्हतं.

पूर्वनोंदणीची बाजू घेणारा निबंध पूर्वनोंदणीच्याच मुद्द्यावर मागे घ्यावा लागला. पण योजना आधी नोंदवली की नंतर ठरवली, यानं एवढा फरक का पडतो? आकडे तर तेच असतात. हे समजून घ्यायला २०११ मधल्या एका मुद्दाम केलेल्या विचित्र प्रयोगापासून सुरुवात करणं सोपं जातं.

गाणं ऐकलं आणि वय कमी झालं

जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सायमनसन या तीन संशोधकांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना गाणी ऐकवली. काहींना बीटल्सचं 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर', तर काहींना विंडोज ७ सोबत मिळणारी 'कलिंबा' ही धून. त्यानंतर प्रत्येकाला जन्मतारीख आणि वडिलांचं वय विचारलं.

निकाल असा होता: बीटल्सचं गाणं ऐकणाऱ्यांचं सरासरी वय २०.१ वर्षं भरलं आणि कलिंबा ऐकणाऱ्यांचं २१.५ वर्षं. म्हणजे गाणं ऐकल्यानं विद्यार्थी जवळपास दीड वर्षानं लहान झाले. त्यांना लहान झाल्यासारखं वाटलं, असा हा दावा नव्हता. खरंखुरं वय, तेही जन्मतारखेवरून काढलेलं, कमी झालं असा होता. विद्यार्थी होते २०, आणि पी-व्हॅल्यू होती ०.०४०. संशोधनात सर्वसाधारणपणे ०.०५ पेक्षा कमी पी-व्हॅल्यू आली की निकाल 'लक्षणीय' मानतात. त्या नियमानं हा निकाल पास होता.

अर्थातच कुणाचंही वय कमी झालेलं नव्हतं. एकही आकडा खोटा न लिहिता आणि त्या काळी सर्रास चालणाऱ्या पद्धतीच वापरून अशक्य गोष्टही 'सिद्ध' करता येते, हे या तिघांना दाखवायचं होतं. त्यांचा निबंध 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये छापून आला आणि पुढच्या सगळ्या वादाचा तो एक आरंभबिंदू ठरला.

पी-व्हॅल्यू नेमकं काय सांगते?

ही युक्ती कळण्यासाठी आधी पी-व्हॅल्यू समजायला हवी. त्यासाठी एक नाणं पुरेसं आहे.

समजा, एखादं नाणं खोटं असल्याचा संशय आहे. ते १० वेळा उडवलं आणि ९ वेळा छापा पडला. आता प्रश्न असा विचारायचा: नाणं अगदी खरं असतं, तर इतका किंवा याहून एकतर्फी निकाल निव्वळ योगायोगानं किती वेळा आला असता? छाप्याच्या बाजूनं आणि काट्याच्या बाजूनं असे दोन्हीकडचे प्रकार मोजले, तर १०२४ पैकी २२ शक्यता निघतात. म्हणजे सुमारे २.१ टक्के. हीच पी-व्हॅल्यू, ०.०२१.

इथे एक गल्लत नेहमी होते. पी-व्हॅल्यू ०.०२१ आली म्हणजे नाणं खोटं असण्याची शक्यता ९८ टक्के आहे, असा अर्थ होत नाही. 'नाणं खरं आहे' असं धरून चाललो, तर समोरचा निकाल किती अनपेक्षित आहे, एवढंच ती सांगते.

०.०५ ही सीमा पाळण्याचा अर्थ असा की, मुळात काहीच परिणाम नसेल तेव्हा १०० पैकी सुमारे ५ वेळा आपली फसगत होईल आणि ती आपण चालवून घेऊ. पण या हिशोबाला एक अट आहे. चाचणी एकदाच करायची आणि ती कोणती, हे निकाल पाहण्याआधी ठरलेलं असायचं. एकाच नाण्याऐवजी २० खरी नाणी तपासली, प्रत्येकाला ५ टक्क्यांची सूट दिली आणि त्यातलं निदान एक 'खोटं' निघण्याची शक्यता काढली, तर ती ५ टक्के राहत नाही, ६४ टक्के होते. मग फक्त ते एकच नाणं लोकांपुढे ठेवलं आणि बाकी १९ नाण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर ऐकणाऱ्याला ०.०५ चा अर्थ कळणारच नाही.

पुण्यातल्या ज्योतिष चाचणीचं उदाहरण

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, ती अनेकांना आठवत असेल. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं अशा दोन गटांतल्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातली, हे सांगितलं. डोळे मिटून उत्तरं दिली तरी सरासरी २० बरोबर यायला हवीत. प्रत्यक्षात सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. सर्वांत चांगली कामगिरी होती ४० पैकी २४.

या चाचणीचा अहवाल फक्त त्या एका ज्योतिषावर लिहिला असता तर? '४० पैकी २४ कुंडल्या अचूक' असा मथळा सहज झाला असता. पण नुसता अंदाज लावणाऱ्या माणसालाही २४ किंवा त्याहून जास्त गुण मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. २७ जण बसले असतील तर योगायोगानंच तिघा-चौघांना तेवढे गुण मिळायला हवेत. २४ हा आकडा किती मोठा, हे एकूण किती जण बसले होते ते कळल्याशिवाय ठरत नाही. चारही संशोधकांनी सगळ्या २७ जणांचे निकाल 'करंट सायन्स'मध्ये मांडले, म्हणून त्यांचा निष्कर्ष समजतो आणि तपासताही येतो.

पी-हॅकिंगमध्ये याच्या उलट होतं. किती चाचण्या केल्या, तो आकडाच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

पडद्याआड काय घडलं होतं?

सिमन्स आणि सहकाऱ्यांनी आपल्या निबंधात गाण्याच्या प्रयोगाचं वर्णन दोनदा दिलं. आधी एरवी छापून येतं तसं, आणि नंतर गाळलेली वाक्यं ठळक अक्षरांत घालून. ती वाक्यं घातल्यावर चित्र पालटतं.

पहिली गोष्ट म्हणजे विद्यार्थी २० नव्हते, ३४ होते. गाणीही दोन नव्हती, तीन होती. काहींना 'हॉट पोटॅटो' हे लहान मुलांचं गाणं ऐकवलं होतं, पण तो गट निबंधातून वगळला.

दुसरी गोष्ट, किती विद्यार्थी घ्यायचे हे आधी ठरवलंच नव्हतं. साधारण दहा-दहा विद्यार्थी झाले की दर वेळी आकडेमोड करून पाहिली जात होती. हवा तो निकाल दिसला तेव्हा थांबले.

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्यांना फक्त जन्मतारीख आणि वडिलांचं वय विचारलेलं नव्हतं. आईचं वय, राजकीय कल, १०० चं वर्गमूळ, 'जुने दिवस छान होते' असं किती वेळा म्हणता, असे आणखी बरेच प्रश्न होते. हाती आलेल्या या माहितीपैकी वडिलांचं वय आकडेमोडीत घेतल्यावरच निकाल जुळला. ते वगळलं तर दोन गटांची सरासरी वयं २०.३ आणि २१.२ येतात आणि पी-व्हॅल्यू ०.३३ होते, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

वडिलांचं वय हिशोबात घेणं ही काही लबाडी नव्हे. विद्यार्थ्याचं वय आणि वडिलांचं वय यांचा संबंध असतोच, आणि असा संबंध असलेली गोष्ट हिशोबात घेऊन गटांची तुलना करणं ही सांख्यिकीतली मान्य पद्धत आहे. प्रयोगाआधीच 'आम्ही वडिलांचं वय हिशोबात घेणार' असं ठरलेलं असतं, तर हरकत नव्हती. हरकत आहे ती निवडीच्या वेळेला. दहा-बारा गोष्टी हाताशी ठेवून, प्रत्येक लावून पाहून, जी जुळली ती 'योग्य' ठरवली की ०.०५ चा मूळ हिशोब कोसळतो.

५ टक्क्यांचे ६१ टक्के कसे होतात?

तिघांनी हे कोसळणं मोजूनही दाखवलं. संगणकावर हजारो काल्पनिक प्रयोग चालवले, ज्यांत दोन गटांमध्ये मुळातच काही फरक ठेवला नव्हता. म्हणजे जो 'लक्षणीय' निकाल येईल तो नक्की खोटा. मग संशोधकाला एकेक मोकळीक देऊन पाहिली.

एकाच गोष्टीची दोन मापं घ्यायची आणि त्यातलं किंवा दोन्हींच्या सरासरीतलं जे जुळेल ते सांगायचं, एवढ्यानं खोट्या निकालांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ९.५ टक्के झालं. प्रत्येक गटात २० जण झाल्यावर आकडेमोड करायची आणि जुळलं नाही तर आणखी १०-१० जण घ्यायचे, एवढ्यानं ७.७ टक्के. स्त्री-पुरुष हा भेद हवा तसा आकडेमोडीत घ्यायचा किंवा सोडायचा, यानं ११.७ टक्के. तीन गटांचा प्रयोग करून त्यातला एक गट सोयीनं वगळायचा, यानं १२.६ टक्के.

यातली एकेक मोकळीक किरकोळ वाटते. पण चारही एकत्र वापरल्या, तर प्रमाण ६०.७ टक्क्यांवर गेलं. काहीच परिणाम नसतानाही दहापैकी सहा प्रयोग 'यशस्वी'. अशा संशोधकानं नुसतं नाणं उडवून निष्कर्ष जाहीर केले असते, तरी त्याच्या चुका कमी झाल्या असत्या.

ही फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि म्हणूनच ती पकडणं अवघड आहे. आकडे बनवणं हा गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याला ते माहीत असतं. पी-हॅकिंग करणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटतही नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं फॉर्म घाईत भरलाय, त्याला वगळावं का? दोन प्रश्नावल्यांपैकी कोणती जास्त विश्वासार्ह? असे निर्णय प्रत्येक प्रयोगात घ्यावेच लागतात. निकाल मनासारखा आला की माणूस थांबतो आणि नाही आला की चूक शोधायला लागतो. प्रत्येक निर्णयाला त्या क्षणी चांगलं कारण सापडतं.

अँड्र्यू गेलमन आणि एरिक लोकेन या संख्याशास्त्रज्ञांनी याच्या पुढचा मुद्दा मांडला. संशोधकानं प्रत्यक्षात एकच आकडेमोड केली असली, तरी अडचण उरतेच. कारण आकडे वेगळे दिसले असते तर त्यानं वेगळी वाट धरली असती. चाललेली वाट एक असली, तरी फुटलेल्या वाटा अनेक होत्या आणि कोणती धरायची हे आकडे पाहून ठरलं.

यात नियतकालिकांचाही वाटा आहे. 'परिणाम सापडला' असा निबंध छापून येतो, 'काही सापडलं नाही' असा निबंध बहुधा कपाटात राहतो. नोकरी आणि बढती छापून आलेल्या निबंधांवर ठरत असेल, तर जुळलेल्या निकालाकडे ओढ वाढणारच.

'रेप्लिकेशन क्रायसिस' तो हाच?

हो, पी-हॅकिंग हे त्याचं एक मोठं कारण आहे. जुना प्रयोग त्याच पद्धतीनं नव्यानं करून पाहणं म्हणजे रेप्लिकेशन, मराठीत पुनरावृत्ती. ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं शेकडो संशोधकांनी २००८ मध्ये मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांत आलेले १०० प्रयोग पुन्हा केले. त्याचे निकाल २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निकाल होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला, आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर आला.

याचा अर्थ उरलेले सगळे निष्कर्ष खोटे होते, असा काढता येत नाही. पुनरावृत्तीतही योगायोग असतो, नमुना लहान पडू शकतो, परिस्थिती बदललेली असते. त्यावरून २०१६ मध्ये याच नियतकालिकात वादही झाला. पण परिणामांचा आकार जवळपास सगळीकडे एकाच दिशेनं, म्हणजे खालीच सरकला, हे नुसत्या योगायोगानं होत नाही. मूळ निबंधांतले आकडे फुगलेले होते, याची ती खूण आहे.

पूर्वनोंदणीत काय करायचं असतं?

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. माहिती गोळा करण्याआधी योजना लिहायची आणि ती तारखेसह अशा ठिकाणी ठेवायची, जिथे नंतर गुपचूप बदल करता येणार नाही. ओपन सायन्स फ्रेमवर्क आणि ॲजप्रेडिक्टेड या संकेतस्थळांवर ही सोय मोफत मिळते.

मात्र सगळी भिस्त योजना किती नेमकी लिहिली यावर असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बीएच्या एका गटाला पाहायचं आहे की, मोबाइल वर्गाबाहेर ठेवल्यानं व्याख्यान जास्त लक्षात राहतं का. 'मोबाइल दूर ठेवणाऱ्यांची कामगिरी चांगली असेल' एवढंच त्यांनी नोंदवलं, तर जवळपास सगळ्या वाटा मोकळ्याच राहतात. कामगिरी म्हणजे चाचणीतले गुण, की व्याख्यानानंतर आठवलेले मुद्दे? लगेच मोजायची की आठवड्यानं? जो विद्यार्थी मधेच उठून गेला त्याचं काय?

नेमकी नोंद साधारण अशी असेल: 'एकूण १२० विद्यार्थी घेऊ, चिठ्ठ्या टाकून ६०-६० चे दोन गट करू. १२० पूर्ण होईपर्यंत आकडेमोड करणार नाही. मुख्य माप एकच: व्याख्यानानंतर लगेच घेतलेल्या २० प्रश्नांच्या चाचणीतले गुण. जो विद्यार्थी १० मिनिटांहून जास्त वेळ वर्गाबाहेर असेल, त्याला गुण पाहण्याआधीच वगळू. दोन गटांच्या सरासरीची तुलना टी-टेस्टनं करू. आठवड्यानंतरची चाचणीही घेऊ, पण ती फक्त शोधक पाहणी असेल.'

या नोंदीतलं प्रत्येक वाक्य एकेक मोकळीक बंद करतं. '१२० पूर्ण होईपर्यंत' या शब्दांनी मधेच डोकावणं थांबतं, 'मुख्य माप एकच' या शब्दांनी माप निवडण्याची सोय जाते, 'गुण पाहण्याआधीच' या शब्दांनी सोयीनं माणसं वगळता येत नाहीत.

शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे. आधी न ठरवलेली आकडेमोड करू नका, असं पूर्वनोंदणी सांगत नाही. आकडे चाळताना नवी कल्पना सुचणं हा संशोधनाचा भागच आहे. फक्त तिला 'सुचलेली कल्पना' म्हणायचं, 'सिद्ध झालेली' म्हणायचं नाही. तिची परीक्षा नव्या विद्यार्थ्यांवर, नव्या माहितीवर व्हायला हवी.

यानं खरंच फरक पडतो का?

औषधांच्या चाचण्यांमधला एक अभ्यास इथे बोलका आहे. रॉबर्ट कॅप्लान आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या ५५ मोठ्या चाचण्या पाहिल्या. २००० पूर्वी छापलेल्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये, म्हणजे ५७ टक्क्यांमध्ये, औषधाचा लक्षणीय फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये तो दिसला, म्हणजे ८ टक्के. २००० च्या सुमारास बदललेली मोठी गोष्ट म्हणजे चाचणीचं मुख्य माप आधी सरकारी नोंदवहीत लिहिणं सुरू झालं होतं.

हा पुरावा पक्का मात्र म्हणता येत नाही. त्याच काळात उपचारांचा दर्जाही सुधारला होता, त्यामुळे नव्या औषधाला आणखी फायदा दाखवणं अवघड झालं असेल, अशी एक शक्यता उरते. मानसशास्त्रात २०२१ मध्ये ॲन शील आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूनं पाहिलं. नेहमीच्या पद्धतीनं छापलेल्या निबंधांपैकी ९६ टक्क्यांत संशोधकाचं मुख्य भाकीत खरं ठरलेलं होतं. 'रजिस्टर्ड रिपोर्ट' प्रकारच्या निबंधांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. या प्रकारात नियतकालिक प्रयोग होण्याआधीच योजना तपासतं आणि ती पटली तर निकाल काहीही आला तरी छापण्याची हमी देतं. त्यामुळे जुळलेला निकाल मिळवण्याची गरजच उरत नाही.

भारतात हे फक्त पुस्तकी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली. नोंदी सर्वांना पाहता येतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात चाललेल्या चाचणीचं मुख्य माप काय ठरलं होतं आणि छापील निबंधात काय सांगितलं, हे कुणीही ताडून पाहू शकतं.

मग पूर्वनोंदणी कुठे कमी पडते?

पहिली अडचण, नोंद करणं आणि ती पाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बेन गोल्डेकर यांच्या गटानं जगातल्या पाच आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्यांची नोंदीशी तुलना केली. केवळ ९ निबंधांत नोंदवलेली सगळी मापं जशीच्या तशी सांगितली होती. बाकीच्या ५८ बाबतींत दुरुस्तीचं पत्र लिहावं लागलं. नोंदवही होती, पण निबंध छापताना ती उघडून पाहणारं कुणी नव्हतं.

दुसरी अडचण, चुकीचं मापन किंवा तोकडा नमुना पूर्वनोंदणीनं सुधारत नाही. वाईट प्रयोगाचीही अतिशय नेमकी नोंद करता येते.

तिसरी अडचण सुरुवातीला सांगितलेल्या निबंधात दिसते. चार प्रयोगशाळांनी मिळून १६ नवे निष्कर्ष काढले होते आणि एकमेकांचे निष्कर्ष तपासून पाहिले होते. त्यातले ८६ टक्के टिकल्याचं निबंधात म्हटलं होतं. एकेका प्रयोगाची नोंद झालेली होती. पण सगळे प्रयोग एकत्र घेऊन 'किती टक्के टिकले' हे मोजण्याची योजना आधी नोंदवलेली नव्हती. प्रकल्प सुरू झाला तेव्हा मुख्य प्रश्नही वेगळा होता: एखादा परिणाम पुन्हा पुन्हा तपासला की तो क्षीण होत जातो का? तसं काही आढळलं नाही आणि निबंधाचा केंद्रबिंदू बदलला. जोसेफ बाक-कोलमन आणि बर्ना देवेझर यांनी जुन्या नोंदी उघडून हा फरक दाखवून दिला, आणि संपादकांनी चौकशीनंतर निबंध मागे घेतला. लेखकांमध्ये नोसेक होते आणि २०११ च्या प्रयोगातले नेल्सनही. लेखकांनी हा अनवधानानं झालेला प्रकार असल्याचं म्हटलं.

या घटनेचे दोन्ही अर्थ खरे आहेत. पूर्वनोंदणीचा सर्वांत जास्त आग्रह धरणाऱ्यांकडूनही ती पूर्ण पाळली गेली नाही. आणि जुन्या नोंदी तारखेसह उपलब्ध होत्या म्हणूनच ते उघडकीला आलं.

निबंध वाचताना काय पाहायचं?

एखादा शोधनिबंध सेमिनारसाठी वाचताना चार गोष्टी अर्ध्या तासात तपासता येतात. सहभागी किती घ्यायचे हे कसं ठरलं, ते लिहिलंय का? '४३' सारखा आकडा कारणाशिवाय आला असेल तर मधे आकडेमोड झाली होती का, हे विचारायला हवं. दुसरं, एखादी गोष्ट हिशोबात घेतली असेल तर ती न घेता काय निकाल येतो, तेही दिलंय का? वडिलांच्या वयाचं प्रकरण या एका प्रश्नानं उघड झालं असतं.

तिसरं, निबंधातल्या सगळ्या पी-व्हॅल्यू एका ओळीत लिहून काढा. परिणाम खरा आणि नमुना पुरेसा असेल तर बऱ्याच व्हॅल्यू ०.०१ च्या खाली असायला हव्यात. पाचही प्रयोगांत ०.०३, ०.०४, ०.०४ असंच दिसत असेल, तर ते सीमेपर्यंत ओढून आणल्यासारखं आहे. एकट्या निबंधावरून हा आरोप करता येत नाही, पण संशयाला जागा राहते.

चौथं, पूर्वनोंदणीचा दुवा दिला असेल तर तो उघडा. तारीख माहिती गोळा करण्याआधीची आहे का, मुख्य माप तेच आहे का आणि निबंधाचा मुख्य दावा त्या नोंदीत आहे का, हे पाहा. २०२३ च्या निबंधात हाच शेवटचा प्रश्न निर्णायक ठरला.